बी बारा, डी दोन आणि बारीक अक्षरं

छायाचित्र पहिलं. बोर्डिंग पास, पहिल्या विमानाचा.

प्रवासी: भाऊजी (पूर्ण नाव, आडनाव आधी).
आसन: १७ सी, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेचं.
चेक-इन केलेलं सामान: एक नग.
सूचना: उड्डाणाच्या वीस मिनिटं आधी गेट बंद होईल.
टीप: सतराव्या रांगेतील प्रवाशांनी विमानाच्या दारात 'हजर' असे मोठ्याने म्हणावे.

शेवटची ओळ पासवर नव्हती. ती माझी होती.

आता आधी नाती सांगते. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, तेव्हा त्यांची फिरकी घेणं हा माझा हक्क आहे आणि माझी घेणं हा त्यांचा. मी शाळेत असताना त्यांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की बसला उलटं जायचं असलं तर ड्रायव्हरला आधी डेपोला पत्र लिहावं लागतं. मी ते निबंधात लिहिलं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. तेव्हापासून आमचं चालू आहे.

मी अनुवादक आहे. एका भाषांतर कचेरीत बसते. आमच्याकडे औषधांची पत्रकं येतात, जन्माचे दाखले, करारनामे, यंत्रांच्या पुस्तिका. भाऊजींच्या विमानाची कंपनी ज्या देशाची, त्या देशाची भाषा माझी रोजीरोटी. फोनवर फोटो धरला की भाषांतर करून देणारी सोय असते, हे भाऊजींना माहीत होतं. पण घरात पगारी माणूस असताना यंत्राचे पाय कशाला धरायचे, असं त्यांचं म्हणणं.

तर भाऊजी पहिल्या विमानाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हजर!"

हवाई सुंदरी दचकली. मागच्या माणसाच्या हातातलं पुस्तक पडलं. भाऊजींनी, आपला आवाज पोचला नसेल असं वाटून, पुन्हा म्हटलं.

गाळलेला मजकूर

ताईचा फोन. मधल्या शहरात उतरल्या उतरल्या भाऊजींनी बायकोकडे तक्रार केली होती.

"लाज नाही वाटत? एवढ्या लोकांत त्यांना ओरडायला लावलंस!"

"दोनदा ओरडले?"

"दोनदा!"

मी फोन उशीसारखा तोंडावर दाबून हसले.

"हस, हस. मी त्यांना सांगितलंय, यापुढे तिचं एक अक्षर खरं मानू नका. आणि ऐक, हा खेळ नाहीये. उद्या सकाळी पोरीची पहिली फेरी आहे."

हे मलाही माहीत होतं. भाची ट्राम चालवायला शिकली होती. परीक्षा झाली, हातात परवाना आला, अंगावर गणवेश आला, आणि उद्या सकाळी ती पहिल्यांदा एकटी, मागे शिकवणारा माणूस न बसता, ट्राम डेपोबाहेर काढणार होती. तिची एकच अट होती. पहिला प्रवासी बाबा. दार उघडलं की आधी बाबा चढणार, तिकीट काढणार, मग बाकीचं शहर. ताई महिनाभर आधीच तिच्याकडे जाऊन राहिली होती. भाऊजी ब्लडप्रेशर, गुडघा आणि घराचं कुलूप असं सगळं उरकून आज निघाले होते. भाचीच्या शहराला विमान रोज जात नाही. आजचं गेलं तर पुढचं परवा.

"ताई, यापुढे अगदी खरं सांगेन."

"तू?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

छायाचित्र दुसरं. बोर्डिंग पास, दुसऱ्या विमानाचा. सोबत पासाच्या कडेला चिकटवलेली सामानाची पावती.

फोटोखाली भाऊजींचा मजकूर: *मेहुणीबाई. खरं सांगायचं. देवाशपथ.*

मी कामावर होते. समोर एका कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका उघडी होती, 'ढोल पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नये' इथवर आलेली. फोटोतली अक्षरं मुंगीएवढी होती. मी तो प्रिंटरवर मोठा करून छापायला पाठवला आणि तोवर पडद्यावरच वाचून लिहू लागले:

उड्डाण क्रमांक ४४१८.
गेट बी १२.
आसन २३ ई.
तुमची बॅग शेवटच्या शहरापर्यंत टॅग केलेली आहे. मधे घ्यायची नाही, दुसऱ्या विमानात ती परस्पर जाईल. पावतीवर मोठ्या अक्षरांत आहे तो शेवटच्या शहराचा कोड, बारीक आहे तो मधल्या शहराचा.
बारीक अक्षरांत, तळाशी: पत्नीसाठी अत्तर घेतल्याशिवाय प्रवाशास विमानात प्रवेश नाही.

काय करणार? बोटं सरावलेली. आणि ताईचा राग अत्तराने जरा उतरला असता, एवढाच परोपकारी विचार होता. तळाशी खरोखरच बारीक अक्षरांत एक ओळ होती, नेहमीचं काहीतरी कायदेशीर असणार म्हणून मी ती वाचलीच नाही. तिच्या जागी माझी बसवली. जागा अगदी बेताची होती, माझी ओळ तिच्यात फिट्ट बसली.

उत्तर आलं.

*बारीक अक्षरं तुझी. ओळखलं.*

*बॅग आपण होऊन गाडी बदलते हेही तुझंच.*

"ते खरं आहे!" मी लिहिलं.

*मी इतकी वर्षं गाडी चालवली. सामान आपण होऊन टपावरून उतरून दुसऱ्या गाडीच्या टपावर चढलेलं एकदाही पाहिलं नाही.*

"भाऊजी, बॅग घ्यायला बाहेर पडू नका हं. बाहेर पडलात तर पुन्हा आत यायला सगळ्या तपासण्या."

*बरं. तेवढं ऐकतो, कारण माझे पाय दुखतायत.*

छायाचित्र तिसरं. चिकटवलेला कागद.

तासाभराने हा फोटो आला. बी बारा गेटच्या काउंटरवर, उभ्या पट्टीवर, चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांनी लावलेला एक कागद. हाताने लिहिलेला नव्हे, छापलेला, पण घाईत. भाऊजींनी खाली लिहिलं होतं: *हे आपलं आहे का? सगळे लोक वाचून निघून गेले. आता इथे मी आणि एक झोपलेला टोपीवाला. फार शांत वाटतंय.*

मी वाचलं:

'गेट बदल. उड्डाण ६०७.'

आणि तिथेच थांबले. भाऊजींचं विमान ४४१८. मी लिहून टाकलं, "आपलं नाही. दुसऱ्या विमानाचं आहे. बसा निवांत."

*मलाही तेच वाटलं. नंबर वेगळा म्हणजे गाडी वेगळी.*

निदान या बाबतीत दोघांचं एकमत झालं. मी परत ढोलाकडे वळले.

आता मोठ्या बाई येतात

आमच्या कचेरीच्या मालकीण. कचेरीत त्यांचे दोन नियम आहेत. पहिला: कागदावर जे आहे ते सगळं भाषांतरात यायला हवं. मजकूर तर येतोच, पण शिक्काही, सहीही, फाटलेला कोपराही. वाचता येत नसेल तर चौकटी कंसात 'अवाच्य' असं लिहायचं. गाळायचं नाही आणि आपलं तर मुळीच घालायचं नाही. दुसरा: कुठलाही कागद दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जायचा नाही. दुसरी नजर नेहमी त्यांचीच. प्रिंटरच्या ताटात जे पडेल ते काम, असं त्या धरून चालतात.

माझा बोर्डिंग पासाचा मोठा प्रिंट तिथे पडला होता. मी विसरले होते.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. एका हातात प्रिंट, दुसऱ्यात भिंग. पडद्यावर माझं भाषांतर उघडंच होतं.

"हे कोणाचं काम?"

"घरचं आहे, बाई. भाऊजींचं."

"घरचं म्हणून ओळ गाळायची?" त्यांनी भिंग तळाच्या ओळीवर ठेवलं. "इथे अत्तर कुठे आहे?"

"ती... गंमत आहे."

"गंमत." बाईंनी तो शब्द, फळातली बी काढून ठेवावी तसा बाजूला ठेवला. "वाच ही ओळ. मोठ्याने."

मी वाचली.

'हे उड्डाण भागीदार कंपनीमार्फत चालवले जाईल. चालवणाऱ्या कंपनीचा उड्डाण क्रमांक: ६०७.'

एकच विमान, दोन नंबर. तिकीट विकणाऱ्या कंपनीने आपला नंबर ठळक छापला, विमान ज्यांचं त्यांचा नंबर तळाशी बारीक. आणि गेटवरचा कागद लावणार तो विमानवाला. तो आपलाच नंबर लावणार.

मी बाईंना गेटवरच्या कागदाचं सांगितलं. "तो फोटो कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "गेटवरचा. पूर्ण वाच."

छायाचित्र तिसरं, दुसऱ्यांदा

'गेट बदल. उड्डाण ६०७. नवीन गेट: डी २, खालचा मजला. विमानापर्यंत प्रवाशांना बसने नेण्यात येईल. बसमुळे गेट नेहमीपेक्षा लवकर बंद होईल. येथे विमान बदलणाऱ्या प्रवाशांनी थेट डी २ कडे जावे. शेवटच्या शहरापर्यंत टॅग केलेले सामान घेण्यासाठी जाऊ नये. या इमारतीत उद्घोषणा होत नाहीत. पडदे आणि सूचना पाहाव्यात.'

मी फोन लावला. फोटो केव्हा काढला, आता केव्हा, डी दोन किती लांब, काहीच ठाऊक नव्हतं.

"भाऊजी, उठा! तो कागद आपलाच आहे. गेट बदललंय. डी दोन. खालच्या मजल्यावर जा."

"आत्ता तर आपला नाही म्हणालीस."

"चुकलं. एकाच विमानाचे दोन नंबर आहेत. तुमच्या पासावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय."

"बारीक अक्षरांत," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं, गळाला मासा लागल्याचं. "मघाशी तिथे अत्तर होतं."

"अत्तर मी घातलं होतं!"

"मग आता नंबर कोणी घातला?"

"भाऊजी, प्लीज. खाली जा. तिथून बस मिळेल, ती तुम्हाला विमानापर्यंत नेईल."

मग भाऊजी हसायला लागले. आधी हळू, मग मनापासून, पोट धरून. मागे टोपीवाला झोपेतच काहीतरी पुटपुटल्याचंही ऐकू आलं.

"बस! विमानाला जायला बस! निवृत्त बसवाल्याला! वा, मेहुणीबाई, वा. हे 'हजर'पेक्षा फार वरचं आहे. आता म्हणशील कंडक्टर आजारी आहे, जरा तिकिटं फाडा."

"खरंच बस आहे हो!"

"आणि ड्रायव्हर मीच असणार. कळलं, कळलं. खाली जाऊन मी विचारणार, बस कुठे आहे? आणि लोक पुन्हा माझ्याकडे बघणार. एकदा फसलो, कानाला खडा लावलाय."

"कोणाला तरी विचारा. गणवेशातल्या माणसाला पास दाखवा."

"काउंटर रिकामं आहे. आणि तुझ्या सांगण्यावरून मी आता एकाही गणवेशवाल्याशी बोलणार नाही. माझा मान आहे काही."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"आमच्या पडद्यावर एक बाई अत्तर लावतेय. जाहिरात." ते थांबले. "अत्तराचीच जाहिरात निघाली, हे मात्र चांगलं जमवलंस."

ताईला फोन (संपूर्ण)

"ताई, भाऊजींना सांग, गेट बदललंय. डी दोन. तिथून बसने..."

"बसने?"

"हो, बसने विमानापर्यंत..."

"हे बघ, मी पोरीसोबत डेपोत आहे, ती आरसे लावतेय, तिला धीर द्यायचाय मला. तुमच्या खेळात मला ओढू नकोस."

फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. मी लिहून पाठवलं: *भाऊजींचं विमान चुकेल.* ताईचं उत्तर: *हजर.*

काय काय करून पाहिलं

शपथा. आईची, ताईची, भाचीच्या ट्रामची. उत्तर: *तुझ्या शपथा मला ठाऊक आहेत.*

पासाचा फोटो, तळाची ओळ लाल रंगाने वेढून. उत्तर: *लाल पेन छान आहे.*

मूळ ओळ आणि भाषांतर, वर खाली. उत्तर: *मूळ मला वाचता येत नाही, म्हणूनच तर तुझं फावतं.* हे मात्र खरं होतं.

दोन नंबरांची गोष्ट बसच्या भाषेत: दोन डेपोंची एकच गाडी, एकाने तिकीट विकलं, दुसऱ्याची गाडी आली, पाटी दुसऱ्याची. उत्तर आलं आणि माझा धीरच सुटला: *असं आमच्याकडे कधी झालं नाही. एक गाडी, एक नंबर. नंबरावर विश्वास ठेवूनच मी आयुष्य काढलं.*

बाई हे सगळं पाहत होत्या. मला वाटलं होतं त्या पुस्तिकेचा विषय काढतील. त्यांनी विचारलं, "ते का मानत नाहीत?"

"कारण मी सांगतेय."

"मग तू सांगू नकोस." त्यांनी खुर्ची ओढली. "कागदाला सांगू दे. बस. नवीन पान घे. नियमाने कर. दोन्ही कागद."

"बाई, इतका वेळ नाही. गेट बंद होईल."

"घाईत केलंस म्हणून तर ही वेळ आली. कर."

मी करायला घेतलं. बाई भिंग घेऊन शेजारी. मी म्हणाले, "चिकटपट्टी?" त्या म्हणाल्या, "चिकटपट्टीपण." मी म्हणाले, "डाग?" त्या म्हणाल्या, "कोणत्या आकाराचा?" माझ्या पायाखाली जमीन जळत होती आणि मी फोटो मोठा करून कॉफीचा डाग कसा दिसतो ते शब्दांत मांडत होते.

पूर्ण झाल्यावर बाईंनी एकदा मूळ, एकदा भाषांतर, असं ओळ ओळ वाचलं. एक शब्द बदलायला लावला ('जावे'च्या जागी मी 'जाणे आवश्यक' लिहिलं होतं, "मूळ कागदात 'आवश्यक' नाही, ते तुझं आहे"). मग म्हणाल्या, "फोन लाव, स्पीकरवर. मी वाचते."

फोनवर मोठ्या बाई

"नमस्कार. मी भाषांतर कचेरीची प्रमुख बोलतेय. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या छायाचित्राचं प्रमाणित भाषांतर वाचून दाखवते. मधे बोलू नये."

"अहो बाई, तुम्हालाही हिने..."

"मधे बोलू नये. वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा, पारदर्शक, तिरपा. वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा, पारदर्शक, एक टोक सुटलेलं. मध्यभागी कंपनीचं चिन्ह, पक्ष्याचा पंख, छपाई फिकट. ठळक अक्षरांत: गेट बदल. त्याखाली: उड्डाण ६०७. सातच्या पायावर तपकिरी डाग, कॉफीचा असावा, अर्धवट वर्तुळाकार, मजकुराला बाधा येत नाही. त्याखाली: नवीन गेट, डी २, खालचा मजला..."

बाईंचा आवाज कोर्टात नक्कल वाचणाऱ्यासारखा. चढ नाही, उतार नाही. मी शेजारी बसून नखं खात होते. हसू नाही, धमकी नाही, 'अहो उठा' नाही. त्या वाचत गेल्या.

"...विमानापर्यंत प्रवाशांना बसने नेण्यात येईल. बसमुळे गेट नेहमीपेक्षा लवकर बंद होईल. शेवटच्या ओळीनंतर रिकामी जागा, दोन बोटं. तळाशी उजवीकडे छापलेला आकडा, बहुधा नमुना क्रमांक, शेवटचे दोन अंक अवाच्य. कागदाची खालची कड किंचित दुमडलेली. मजकूर समाप्त."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज.

भाऊजी काउंटरपाशी गेले असणार.

"चिकटपट्टीचं टोक सुटलंय," ते म्हणाले.

"उजवीकडचं."

"उजवीकडचंच. आणि सातावर डाग आहे." मोठा श्वास. "बाई, डाग अर्धा गोल आहे."

"तसंच म्हटलंय."

"मेहुणी असती तर डागाचं काहीतरी केलं असतं. यात काहीच केलेलं नाही." भाऊजींचा आवाज बदलला. "इतकं कंटाळवाणं खोटं कोणी बोलत नाही. डी दोन कुठं म्हणालात?"

"खालचा मजला. पासावरची ओळही वाचू?"

"नको, नको! निघालो!"

छायाचित्रं चौथं ते सातवं

चौथं: हललेलं. जमीन आणि एक बूट.

पाचवं: सरकता जिना, वर जाणारा. त्याखाली मजकूर: *हा वर जातोय.* मी लिहिलं: *दुसरा शोधा, शेजारीच असतो.* ही ओळ पाठवायच्या आधी मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

सहावं: एका फलकाचं, पाच बाण, पाच अक्षरं. मी फक्त लिहिलं: *डी म्हणजे डावीकडचा बाण. शौचालयाच्या चित्राच्या पुढचा.*

सातवं आलं नाही.

मी पुस्तिका बंद केली. बाईंनी त्यांच्या टेबलावर जाऊन एक दाखला उघडला आणि एकच पान इतका वेळ पाहत बसल्या, की माझ्याही लक्षात आलं. गेट बंद झालं असेल तर भाऊजींना परवापर्यंत तिथे बसावं लागणार होतं, आणि उद्या सकाळी ट्रामचं दार उघडल्यावर पायरीवर ताई एकटी. मला ते दार दिसत होतं. अत्तराच्या ओळीएवढी जागा, आणि तिच्यात मावलेली ही सगळी सकाळ.

फोन वाजला.

"हॅलो! ऐकू येतंय का?" मागे गोंगाट, बीप बीप, कोणाची तरी खोकल्याची उबळ.

"भाऊजी! कुठे आहात?"

"बसमध्ये!"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, खरंच बस आहे! मी पोचलो तर गणवेशातली एक बाई साखळी लावत होती. मी पास पुढे केला. तिने तळाची बारीक ओळ बघितली, वरचं बघितलंसुद्धा नाही! म्हणाली काहीतरी. मी म्हटलं सहाशे सात, सहाशे सात, बोटांनी दाखवलं. तिने साखळी उघडली. शेवटची बस. शेवटचा प्रवासी मी."

"देवा."

"आणि टोपीवाला. तोही आमच्याच विमानाचा निघाला! त्याला उठवून आणला, नाहीतर बसला असता झोपून. त्याची बायको पुढे येऊन उभी होती, तिने मला मिठीच मारली. हे ताईला सांगू नकोस."

"सांगणार."

"सांग. मी पुढे उभा आहे, ड्रायव्हरच्या मागे. पोरगा बरा चालवतो, पण ब्रेक फार जोरात मारतो. उभे प्रवासी असताना असा ब्रेक मारतात का? मी खांद्यावर थाप मारून दाखवलं, हळू. आता हळू मारतोय."

बाई तिथूनच म्हणाल्या, "त्यांना सांग, चालकाशी बोलू नये असं बसमध्ये लिहिलेलं असतं."

मी सांगितलं.

"हे कोणाचं? तुझं की बाईंचं?"

"बाईंचं."

"मग खरं असणार. गप्प बसतो." आणि फोन बंद.

ताईला मी एकच ओळ लिहिली: *भाऊजी विमानाकडे निघाले. बसने.* तिने फक्त डोळे वटारलेला चेहरा पाठवला. थोड्या वेळाने बहुधा भाऊजींकडूनच कळलं असावं, कारण दुसरा संदेश आला: *बस होती??* आणि लगेच तिसरा: *मी घरी आले की तुम्हा दोघांनाही बघते.*

मी पुस्तिका उघडली. ढोल, दार, पाणी. बाई कोपऱ्यात चहा ओतत होत्या. कचेरीत चहा कोणी ओतला तर तो स्वतःपुरता, हा त्यांचा तिसरा, न लिहिलेला नियम. आज त्यांनी दोन कप घेतले आणि एक माझ्या टेबलावर ठेवला.

छायाचित्र सातवं, उशिरा आलेलं

विमानातलं. समोरच्या आसनाच्या पाठीवर लावलेली छोटी पट्टी, भाऊजींच्या गुडघ्यासकट.

*हे काय लिहिलंय?*

मी वाचलं. लिहिलं: 'जीवरक्षक जाकीट आसनाखाली आहे. बसलेले असताना पट्टा बांधून ठेवावा.' बाईंना पडदा दाखवला. त्यांनी भिंगाशिवायच मान हलवली. पाठवलं.

*एवढंच?*

*एवढंच.*

*बारीक अक्षरांत काही नाही?*

*नाही.*

*बघ ना नीट. काहीतरी असेल.*

माझी बोटं कीबोर्डवर आली. तेविसाव्या रांगेतल्या प्रवाशांनी उतरताना वैमानिकाशी हस्तांदोलन करावे. तेविसाव्या रांगेतल्या प्रवाशांनी गाणे म्हणावे. तेविसाव्या रांगेतल्या प्रवाशांनी... शब्द आपोआप रांगेत उभे राहत होते.

मी फोटो मोठा केला. पट्टीच्या अगदी काठाला खरोखरच एक ओळ होती, केसाएवढी.

"बाई, भिंग."

बाईंनी दिलं. मी पडद्यावर धरलं. वाचलं. अक्षर न् अक्षर लिहिलं:

*उजव्या काठाला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरांत: ही पट्टी ओल्या फडक्याने पुसावी. त्याखाली छापखान्याचा क्रमांक, पहिले तीन अंक तुमच्या गुडघ्यामुळे झाकलेले.*

पाठवलं.

एक टिक लागली. दुसरी लागेना. मी वाट पाहिली, चहा प्याले, पुन्हा पाहिलं. एकच टिक. फोन बंद केला होता त्यांनी.

विमान सुटलं होतं.